एफओसी, नोंद ६: ब्रश सरकलेली मोटर

मागच्या नोंदीच्या शेवटी एफओसीवर, म्हणजे फील्ड ओरिएंटेड कंट्रोलवर, मोटर फिरायला लागली होती आणि मी खुशीत होतो. ती दोन्ही दिशांना सारखी फिरत नाही, हे नंतर लक्षात आलं. टॉर्क देणाऱ्या करंटला, म्हणजे Iq ला, ६ अँपिअरची मर्यादा ठेवून पूर्ण वेग मागितला, तर सुलट दिशेला ३१५० आरपीएम मिळतात. उलट दिशेला ती २७०० च्या पुढे जातच नाही, वर तापतेही जास्त.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सेटअप: बाहेरचं कवच फिरणारी १४ ध्रुवांची मोटर, म्हणजे ७ ध्रुवजोड्या. सप्लाय २४ व्होल्ट, पीडब्ल्यूएम २० किलोहर्ट्झ, शाफ्टच्या टोकाला चुंबक आणि त्यासमोर १४ बिटचा एन्कोडर.

पहिला संशय करंट सांभाळणाऱ्या पीआय कंट्रोलरच्या गेनवर घेतला आणि त्यात दोन संध्याकाळी घालवल्या. ग्राफ मात्र अगदी शहाण्यासारखे दिसत होते: Id शून्यावर, Iq सहावर, दोन्ही दिशांना. मी फसलो ते इथेच. हे Id आणि Iq कंट्रोलरने त्याला ठाऊक असलेल्या कोनावरून काढलेले असतात. तो कोनच चुकीचा असेल, तर कंट्रोलर चुकीच्या अक्षावर करंट अगदी अचूक सांभाळतो आणि ग्राफ स्वच्छच दिसतो.

इथे डीसी मोटर डोळ्यांसमोर आणली की गुंता सुटतो. तिच्यात कम्युटेटर आणि ब्रश मिळून आर्मेचरचं चुंबकक्षेत्र मुख्य क्षेत्राला कायम काटकोनात ठेवतात, म्हणून टॉर्क सरळ करंटच्या प्रमाणात मिळतो. आपण तेच काम गणिताने करतो. क्लार्क रूपांतराने तीन फेजचे करंट दोन अक्षांवर आणतो, पार्क रूपांतराने ते दोन अक्ष रोटरसोबत फिरवतो. त्या फिरत्या चौकटीतून पाहिलं की साइन लहरींच्या जागी दोन स्थिर आकडे उरतात: चुंबकाच्या दिशेचा Id आणि त्याला काटकोनातला, टॉर्क देणारा Iq. थोडक्यात, आपला ब्रश म्हणजे पार्क रूपांतराला दिलेला कोन. डीसी मोटरचे ब्रश जागेवरून सरकले तर ती एका दिशेला जोरात आणि दुसरीकडे रडतखडत चालते. माझ्या मोटरचं लक्षण नेमकं हेच होतं.

ही चूक इतके दिवस लपली कशी? कोन δ ने चुकला, तर खरा टॉर्क cos δ पट होतो. पुढे मोजलेली चूक १८ अंश निघाली, आणि cos १८° म्हणजे ०.९५. पाच टक्के टॉर्क गेलेला हाताला कळत नाही. पण sin १८° आहे ०.३१. म्हणजे ६ अँपिअरपैकी जवळपास १.९ अँपिअर खऱ्या d अक्षावर जात होते. हा करंट एका दिशेला चुंबकाचं क्षेत्र कमकुवत करतो, तिथे वेग वाढायला मदत होते. दुसऱ्या दिशेला तो क्षेत्र बळकट करतो, मग बॅक ईएमएफ, म्हणजे फिरत्या मोटरमध्ये तयार होणारं विरोधी व्होल्टेज, लवकर सप्लायच्या व्होल्टेजला भिडतो आणि वेग अडतो.

आता मोजमाप. मोटर रबरी नळीने ड्रिलला जोडली, Id आणि Iq दोन्हींना शून्याची आज्ञा दिली, आणि ड्रिलने तिला १५०० आरपीएमवर फिरवलं. करंट शून्य ठेवायचा तर कंट्रोलरला बॅक ईएमएफच्या तोडीस तोड व्होल्टेज द्यावं लागतं. बॅक ईएमएफ असतो निव्वळ q अक्षावर. म्हणजे कोन बरोबर असेल तर d अक्षावरचा व्होल्टेज Vd शून्य यायला हवा, सगळा Vq मध्ये दिसायला हवा. जेवढा येईल, तेवढा कोन चुकलेला:

```
delta = atan(Vd / Vq)
```

सुलट दिशेला Vd ०.७० आणि Vq ५.७३ व्होल्ट मिळाले, म्हणजे ७ अंश. उलट दिशेला −२.८० आणि −५.०५, म्हणजे २९ अंश. एकच मोटर, एकच एन्कोडर, आणि दोन उत्तरं! पहिल्यांदा वाटलं नळी घसरतेय.

नळीचा दोष नव्हता, एकात एक मिसळलेल्या दोन चुका होत्या. एन्कोडरच्या शून्यबिंदूची चूक दिशा बदलली तरी तीच राहते. वेळेच्या उशिराने होणारी चूक दिशेबरोबर चिन्ह बदलते, कारण कंट्रोलरचा कोन नेहमी फिरण्याच्या मागे पडतो. म्हणून दोन्हींची सरासरी, १८ अंश, ही शून्यबिंदूची चूक. फरकाचा निम्मा, ११ अंश, हा उशीर. १५०० आरपीएम म्हणजे ७ जोड्यांसाठी १७५ हर्ट्झ विद्युत वारंवारता, आणि त्या वेगात ११ अंश म्हणजे सुमारे १७५ मायक्रोसेकंद. त्यातले ७५ पीडब्ल्यूएमचे: ५० मायक्रोसेकंदांचं एक पूर्ण चक्र गणिताला आणि अर्धं व्होल्टेज लागू व्हायला. उरलेले १०० एन्कोडरचे.

१८ अंश आले कुठून? सुरुवातीला मी २ अँपिअर देऊन रोटर एका जागी खेचून धरला होता आणि तिथलं वाचन शून्य मानलं होतं. रोटर खऱ्या शून्याकडे सरकत जातो तसा खेचणारा टॉर्क sin δ प्रमाणे घटतो, आणि घर्षणाइतका उरला की रोटर अलीकडेच थांबतो. या मोटरला प्रति अँपिअर ०.०५५ न्यूटन-मीटर मिळतात. २ अँपिअरला १८ अंशांवर उरतात ०.०३४. बेअरिंगचं घर्षण आणि कॉगिंग, म्हणजे चुंबकांची लोखंडी दातांना अडकण्याची ओढ, मिळून एवढं सहज होतं. यांत्रिक कोनात ही चूक फक्त २.६ अंशांची, पण ७ ध्रुवजोड्या तिला सातपट करतात.

आता शून्य असं काढतो: ६ अँपिअर देऊन आज्ञेचा कोन सावकाश फिरवायचा, रोटरची एक पूर्ण फेरी सुलट, एक उलट, आणि वाटेत प्रत्येक ठिकाणी एन्कोडर व आज्ञा यांतला फरक नोंदवायचा. दोन दिशांच्या सरासरीत घर्षण कटतं. कॉगिंग आणि एन्कोडरचा चुंबक केंद्रातून सरकल्याची चूक पूर्ण फेरीच्या सरासरीत विरते. फक्त सहा अँपिअर फार वेळ देऊ नका, वाइंडिंग तापतं.

उशिरासाठी दोन वेगळे कोन लागतात. करंट मोजला जातो तेव्हा फक्त एन्कोडर मागे असतो, व्होल्टेज मात्र त्याहून उशिरा लागू होतं:

```
theta_e    = 7 * theta_m - offset;
theta_park = theta_e + omega_e * 100e-6;
theta_inv  = theta_e + omega_e * 175e-6;
```

आधी मी दोन्हीकडे १७५ टाकले होते. ड्रिलवर Vd छान शून्य आला, पण करंटचा कोन ७५ मायक्रोसेकंदांनी पुढे गेला होता. शून्य करंटच्या चाचणीत ते दिसतच नाही, कारण शून्य कुठल्याही कोनातून शून्यच दिसतं.

दुरुस्तीनंतर त्याच ड्रिलवर Vd दोन्ही दिशांना ०.०६ व्होल्टच्या आत आहे. पूर्ण वेग सुलट ३३००, उलट ३२८०. Vd मध्ये फेरीमागे एकदा येणारी बारीक लहर अजून दिसते. ती बहुधा चुंबक चिकटवताना केंद्र थोडं हुकल्यामुळे आहे. पुढच्या वेळी त्याच फेरीच्या नोंदींवरून एन्कोडरसाठी सुधारणेचा तक्ता बनवतो.