कर्ज की शेअर्स? इंडिफरन्स पॉइंट काढतानाचा माझा अनुभव

चाकणमध्ये पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला नव्या प्रेस लाइनसाठी ६ कोटी रुपये उभे करायचे होते. ११ टक्क्यांनी मुदत कर्ज घ्यायचे, की १५० रुपये भावाने ४ लाख नवे शेअर्स द्यायचे, असे दोन पर्याय होते. कंपनीचे आधीचे शेअर्स २० लाख आणि जुन्या कर्जाचे व्याज वर्षाला ४० लाख. कर २२ टक्क्यांच्या सवलतीच्या दराने, म्हणजे अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के. किती नफ्यावर दोन्ही पर्यायांत ईपीएस, म्हणजे दर शेअरमागे करोत्तर नफा, सारखाच येतो तो इंडिफरन्स पॉइंट काढायचे गणित माझ्याकडे आले. अशा कामात आकडेमोड सगळ्यात सोपी असते. आकडे कुठून उचलायचे आणि उत्तर कसे वाचायचे, तिथेच खरी गोची होते.

पहिला प्रश्न ऑपरेटिंग नफा कोणता धरायचा हा. कंपनीच्या तक्त्यात घसारा वजा न करताच नफा दाखवला होता. बँकेच्या फाइलमध्ये तोच आकडा फिरत असल्याने असे सर्रास होते. ईपीएस काढायला मात्र घसारा वजा करून, पण व्याज आणि कर द्यायच्या आधीचा नफा लागतो. त्यात नव्या प्रेसचा घसाराही आला पाहिजे. मी वर्षही पूर्ण उत्पादनाचे धरले. उभारणीच्या काळातले व्याज खर्चात न जाता यंत्राच्या किमतीत धरले जाते आणि वर्षाच्या मध्यात दिलेले शेअर्स भारित सरासरीने मोजले जातात. त्यामुळे पहिल्या वर्षाचा ईपीएस दोन्ही पर्यायांत फसवा दिसतो.

आता समीकरण. नफा X लाखांत धरला, तर शेअर्सच्या पर्यायात (X − 40) ला २४ लाख शेअर्सनी भागायचे आणि कर्जाच्या पर्यायात (X − 106) ला २० लाखांनी, कारण नवे व्याज ६६ लाख. कर दोन्ही बाजूंना सारखाच असल्याने उडून जातो. उत्तर ४३६ लाख. एक्सेलमध्ये एवढे पुरते:

```
=B1+B2*(B3+B4)/B4
```

B1 जुने व्याज, B2 नवे व्याज, B3 जुने शेअर्स, B4 नवे शेअर्स. ४३६ लाख नफ्यावर दोन्हीकडे ईपीएस १२.३५ रुपये येतो. ही पडताळणी करायचीच. दोन आकडे जुळले नाहीत तर बहुतेक वेळा जुने व्याज एका बाजूला धरायचे राहिलेले असते.

या बिंदूच्या दोन्ही बाजूंना काय होते ते पाहा. नफा ३०० लाखांवर घसरला तर शेअर्सच्या पर्यायात ईपीएस ८.११ आणि कर्जात ७.२६. नफा ६०० लाखांवर गेला तर शेअर्समध्ये १७.४६ आणि कर्जात १८.४८. नफा १० लाखांनी वाढला की कर्जाच्या पर्यायात ईपीएस साधारण ३७ पैशांनी वाढतो, शेअर्समध्ये ३१ पैशांनी. उतरतानाही फरक तेवढाच.

या बिंदूवर करपूर्व ईपीएस १६.५० रुपये येतो, आणि १५० रुपये भावाचे ११ टक्केही १६.५० च होतात. हा योगायोग नाही. नवा शेअर ज्या भावाने द्यायचा त्या भावावर कंपनी करपूर्व किती टक्के कमावते, त्याची तुलना आपण व्याजदराशी करत असतो. म्हणून या गणितात शेअरच्या भावाचे वजन फार. भाव १२० धरला तर ५ लाख शेअर्स द्यावे लागतात आणि बिंदू ३७० लाखांवर उतरतो. भाव २०० मिळाला तर तो थेट ५४६ लाखांवर चढतो. व्याजदर ११ चा १२ झाला तर ४७२. बाजारात नोंद नसलेल्या कंपनीत भाव मूल्यांकनाच्या अहवालातून येतो, त्यामुळे बिंदू कुठे पडणार हे अर्धेअधिक त्या अहवालातच ठरलेले असते. संचालकांसमोर मी एकच आकडा न ठेवता भाव आणि दर यांचा छोटा तक्ता ठेवतो, तो यासाठीच.

विस्तारानंतर अपेक्षित नफा ५२० लाख होता. तो ४३६ च्या वर आहे, म्हणजे कर्जच घ्या, असे म्हणून इथे फाइल बंद केली जाते. पण ८४ लाखांचा हा फरक किती मोठा आहे? विक्री ३० कोटींची, चल खर्च वजा जाता त्यातले ४० टक्के हाती राहतात आणि स्थिर खर्च ६८० लाख. म्हणजे विक्री फक्त ७ टक्क्यांनी घटली, ३० कोटींची २७ कोटी ९० लाख झाली, की नफा ४३६ लाखांवर येतो. एखाद-दुसऱ्या वाहन कंपनीवर जगणाऱ्या पुरवठादाराला ७ टक्के म्हणजे एका मॉडेलची ऑर्डर पातळ होणे.

दुसरी गोष्ट बिंदूच्या उंचीची. कंपनीचा सध्याचा नफा ३८० लाख आणि ईपीएस १२.७२. म्हणजे ४३६ वर दोन्ही पर्याय सारखे असले, तरी भागधारक आजच्यापेक्षा खालीच असतात. आजचा ईपीएस टिकवायला कर्जाच्या पर्यायात ४४६ लाख लागतात, शेअर्सच्या पर्यायात ४४८. या दोन्ही आकड्यांच्या खाली कर्ज की शेअर्स हा वादच गौण. तिथे प्रेस लाइन घ्यावी का, हा प्रश्न आधी येतो.

आणि ईपीएसला मुद्दलाचा हप्ता दिसत नाही. ६ कोटी ५ वर्षांत फेडायचे म्हणजे वर्षाला १२० लाख, शिवाय जुन्या कर्जाचे ८० लाख. घसारा ९० लाख धरून, ३०० लाख नफ्यावर, करोत्तर नफा, घसारा आणि व्याज मिळून ३४१ लाख हाती येतात, तर हप्ते आणि व्याज मिळून ३०६ लाख द्यायचे असतात. कर्जफेडीचे गुणोत्तर १.११. दोन पर्यायांच्या ईपीएसमध्ये इथे फरक अवघा ८५ पैशांचा आहे, पण १.११ पाहून बँकेचा अधिकारी कपाळाला हात लावेल.

प्रेफरन्स शेअर्सचाही विषय निघाला. ९ टक्क्यांनी लाभांश ५४ लाख होतो, पण तो करानंतरच्या नफ्यातून जातो. त्यामुळे करपूर्व बोजा सुमारे ७२ लाख पडतो. इक्विटी शेअर्सची संख्या कर्जाइतकीच राहत असल्याने नफा आणि ईपीएसच्या आलेखात त्याची रेषा कर्जाच्या रेषेला समांतर जाते. त्या दोघांत इंडिफरन्स पॉइंट नसतोच आणि कर्जच नेहमी वरचढ. सूत्रात हे आकडे टाकले तर शून्याने भागण्याची चूक दिसते. ती सूत्राची चूक समजून तासन्‌तास शोधत बसू नये.

शेवटी निम्मे-निम्मे तपासले. ३ कोटी कर्ज, ३ कोटींचे २ लाख शेअर्स. भाव आणि दर तेच असले तर कुठल्याही मिश्रणाची रेषा त्याच ४३६ मधून जाते, फक्त तिचा चढ दोघांच्या मधला असतो. ५२० लाख नफ्यावर ईपीएस १५.४९ ऐवजी १५.२० आला. ३०० लाखांवर कर्जफेडीचे गुणोत्तर मात्र १.११ वरून १.५६ झाले. २९ पैसे सोडून संचालकांनी हाच पर्याय बँकेकडे पाठवला.