सोशल जाहिरात अर्ध्या भागात थांबवून केलेला हिशेब

ऑनलाइन दागिने विकताना माझ्या जाहिराती सर्च आणि सोशलवर चालू होत्या, आणि तेच दागिने मार्केटप्लेसवरही होते. एका महिन्यात वेबसाइटच्या रजिस्टरमध्ये 120 ऑर्डर होत्या. सर्चचा रिपोर्ट त्यातल्या 70 आपल्या म्हणत होता, सोशलचा 65. बेरीज 135, आणि जाहिरात न बघता आलेली गिऱ्हाइकं वेगळीच.

यात चूक कुणाची नाही. मेटाच्या मूळ सेटिंगमध्ये क्लिकनंतर 7 दिवसांत, किंवा जाहिरात नुसती दिसल्यावर 1 दिवसात झालेली खरेदी मोजली जाते. सोशलवर कानातले पाहून कुणी संध्याकाळी दुकानाचं नाव सर्च करतं, वरच्या जाहिरातीवर क्लिक करून खरेदी करतं, आणि ती ऑर्डर दोन्हीकडे चढते.

म्हणून आधी किती परतावा पुरेसा हे ठरवलं. वेबसाइटवरच्या 100 च्या विक्रीतून माल, घडणावळ, पॅकिंग, कुरिअर, पेमेंटचं शुल्क आणि परत आलेले दागिने वजा जाता 35 उरत होते. 100 भागिले 35, म्हणजे रोआस, अर्थात जाहिरातीच्या खर्चाच्या किती पट विक्री आली तो आकडा, 2.86 च्या खाली गेला की तोटा. मार्केटप्लेसवर कमिशन जाऊन 20 उरत, तिथे ही रेषा थेट 5 वर.

मग आधीची विक्री जवळपास सारखी असलेले डिलिव्हरीचे दोन भाग निवडले आणि तीन आठवडे एका भागात सोशल जाहिरात बंद ठेवली. बाकी भाव, सवलत, सर्चचं बजेट काहीच हलवलं नाही. चालू भागात वेबसाइटच्या 46 ऑर्डर आल्या, बंद भागात 31. मार्केटप्लेसवर 30 आणि 24. हा दुसरा फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण सोशलचा पिक्सेल, म्हणजे आपल्या वेबसाइटवर बसवलेला खरेदी मोजणारा कोड, मार्केटप्लेसवरची खरेदी पाहूच शकत नाही.

चालू भागातला खर्च सरासरी 6 ऑर्डरच्या विक्रीइतका होता. ऑर्डर 100 ची धरली तर 600. रिपोर्टमध्ये 27 ऑर्डर, म्हणजे रोआस 4.5. प्रत्यक्षात वाढलेल्या 15 वेबसाइटच्या (525) आणि 6 मार्केटप्लेसच्या (120). हाती 645, नफा जेमतेम 45.

इतक्या कमी ऑर्डरमध्ये पाच-सात इकडेतिकडे आपोआपच होतात, म्हणून भागांची अदलाबदल करून चाचणी पुन्हा घेतली. खर्च तेवढाच, फरक 13 आणि 5, हाती 555. दोन फेऱ्यांची सरासरी बरोबर 600, ना नफा ना तोटा. सणाच्या दिवसांत मात्र ही चाचणी घेऊ नये. भेट म्हणून होणारी खरेदी दोन्ही भागांत वेगवेगळी उसळते.

त्यानंतर आधीच्या गिऱ्हाइकांना पुन्हापुन्हा दिसणारी जाहिरात तेवढी बंद केली. रिपोर्टमध्ये तिचाच रोआस सगळ्यात जास्त दिसत होता, आणि ती बंद झाल्यावर रजिस्टरमधल्या ऑर्डर कमी झाल्या नाहीत.