फ्रॉक सव्वापाच सेंमीने लांब: जुन्या दुमडीवर खणाची पट्टी (नोंद 2)

सुती, चुण्यांचा फ्रॉक. घेर 150 सेंमी, खालची दुमड 5 सेंमी आणि आत 1 सेंमी मोडलेली. उसवल्यावर 6 सेंमी कापड हाती आलं. खालच्या जोडशिलाईत 0.7 जाणार, म्हणजे उंची 5.3 ने वाढते.

जुनी घडी इस्त्रीने जाईल की नाही, हे आधी बघून घ्या. चार बोटं भाग ओला करून उलट्या बाजूने इस्त्री फिरवा आणि पूर्ण वाळल्यावर उन्हात धरा. पांढरट रेघ तशीच दिसली, तर तिथला रंगच घासून गेलाय. मग कितीही वाफ दिली तरी उपयोग नाही. या फ्रॉकचं तसंच झालं. त्यात दुमडीच्या आतलं कापड उन्हाला लागलेलं नसल्याने बाकीच्या फ्रॉकपेक्षा गडद निघालं. आतून पट्टी लावली असती, तर रेघ आणि हा गडद पट्टा दोन्ही उघडे पडले असते. म्हणून पट्टी बाहेर उलटवायची.

रेघ नव्या काठापासून 5.3 वर येते, म्हणून तयार पट्टी 6 सेंमी हवी. कापताना 7.5 धरा: खाली 0.7 शिलाई, वर 0.8 मोड. गुळेदगुड्डचा खण घेतला. 77 सेंमीचे दोन तुकडे दोन्ही टोकांना एकेक सेंमी जोडले की बरोबर 150 चं कडं होतं. जोड बाजूच्या शिवणींवर ठेवा. कापण्याआधी खण भिजवून, वाळवून घ्यायचाच. नंतर तो आटला, तर फ्रॉकचं कापड पट्टीखाली चुरगळतं. भिजवताना पांढऱ्या फडक्यावर रंग उतरतो का तेही पाहून घ्या.

वरचा मोड 6 सेंमी रुंद पुठ्ठ्यावरून इस्त्रीने आधीच पाडून ठेवा. आता पट्टीची सुलटी बाजू फ्रॉकच्या उलट्या बाजूवर ठेवून खालची टीप मारा आणि पट्टी बाहेर उलटवा. जोड काठाच्या किंचित आत सरकवला की खालून फ्रॉकचं कापड डोकावत नाही. वरच्या कडेला आधी कच्चे टाके, मगच टीप. नुसत्या टाचण्यांवर शिवलं, की मशीनच्या पायाखाली पट्टी पुढे सरकते आणि तिरकी सळ पडते. ती इस्त्रीने बसत नाही.

शेवटची इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून. सुलटीकडून दाबलं, तर आतल्या मोडाचा उठाव खणावर नवी रेघ पाडतो. खाली घडी काढायची आणि वर नवी घालायची, असा प्रकार.

एक गोष्ट राहिली आहे. जुनी दुमड मशीनची होती, त्यामुळे जुन्या रेघेच्या 5 सेंमी वर सुईच्या छिद्रांची ओळ उरली. पट्टी तिथवर पोचत नाही. ओल्या कापडाला नखाने आडवं-उभं घासून बरीचशी छिद्रं मिटली. उरलेल्यांवर, म्हणजे काठापासून सव्वादहावर, बारीक लेसची एक ओळ बसवायची आहे.

कळ्यांच्या फ्रॉकला मात्र अशी सरळ पट्टी चालत नाही, पट्टीची वरची कड फ्रॉकच्या त्या उंचीवरच्या घेरापेक्षा मोठी पडते. तिथे उरेब पट्टीच कापा.