तुळशीच्या लग्नातलं पोटॅशियम

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की नागपुरात लोक हमखास विचारतात, "मग सांगा ना, हवा कोण खराब करतंय? गाड्या, धूळ, कचरा की कोराडीचं वीज केंद्र?" या प्रश्नाला सोर्स अपोर्शनमेंट म्हणतात. त्याच्या उत्तरात मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले होते, ते लिहिते.

नंदनवन भागातल्या एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर हवेतले कण फिल्टरवर गोळा करणारा आमचा सॅम्पलर होता. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, एक दिवसाआड, सकाळी 10 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 10. पंप मिनिटाला 16.7 लिटर हवा ओढतो, म्हणजे 24 तासांत साधारण 24 घनमीटर. फिल्टर आधी आणि नंतर मायक्रोबॅलन्सवर तोलायचा. वजन 1.44 मिलिग्रॅमने वाढलं तर पीएम 2.5, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण, झालं 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे आपल्याकडची 24 तासांची मर्यादा बरोबर गाठली. एवढ्याशा राखाडी ठिपक्यात सगळ्या शहराचा हिशेब असतो.

पण ठिपक्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. म्हणून एका फिल्टरवर एक्सआरएफ या क्ष-किरणांच्या तंत्राने मूलद्रव्यं मोजायची, दुसऱ्यावर विद्राव्य आयन आणि कार्बन. मातीतून ॲल्युमिनियम, सिलिकॉन, कॅल्शियम येतं. डिझेलच्या धुरात काळा कार्बन जास्त. लाकूड, पालापाचोळा जळला की पोटॅशियम वाढतं. मग पीएमएफ नावाचं मॉडेल सगळ्या दिवसांचा तक्ता घेतं आणि कोणते घटक एकत्र वरखाली होतात ते पाहून त्यांचे गट पाडतं. एवढंच. गटाला 'वाहनं' किंवा 'ज्वलन' हे नाव मॉडेल देत नाही, ते आपण देतो. माझी चूक तिथेच झाली.

71 फिल्टर हाती आले. मॉडेल चालवलं, सहा गट पडले. एका गटात एकूण पोटॅशियमचा निम्म्याहून जास्त भाग, सोबत सेंद्रिय कार्बन. मी डोळे झाकून नाव दिलं, 'जैविक ज्वलन'. हिवाळ्यातल्या शेकोट्या, झाडून पेटवलेला पाला, पलीकडे भांडेवाडीचं डंपिंग यार्ड. गोष्ट इतकी पटण्यासारखी होती की शंका घ्यावीशीच वाटली नाही. वाटाही भरघोस आला. मी खुशीत स्लाइड बनवली.

सरांनी स्लाइडकडे बघितलंच नाही. म्हणाले, "टक्के राहू दे. हा गट दिवसागणिक कसा चालतो ते दाखव."

दाखवला. शेकोट्यांचा गट थंडीबरोबर वाढायला हवा, डिसेंबर-जानेवारीत सलग वर राहायला हवा. माझा आलेख ऑक्टोबरच्या आगेमागे ताडासारखा उभा होता आणि पुढे जवळजवळ सपाट. चार टोकं. पहिली तीन दिवाळीतली, हे मलाही तारखा वाचून कळलं. फटाक्याच्या दारूत पोटॅशियम नायट्रेट असतं, ते मॉडेलने शेकोटीच्या पोटॅशियममध्ये ढकललं होतं. मॉडेलला दोन्हींतला फरक दिसायला काहीतरी खूण हवी ना.

खूण होती, पण ती मीच फेकली होती. फटाक्यात हिरव्या रंगासाठी बेरियम आणि लालसाठी स्ट्रॉन्शियम वापरतात. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली, तरी फिल्टरवर ते आलंच. डेटा भरताना प्रत्येक घटकाचं सिग्नल-टू-नॉइज गुणोत्तर, म्हणजे खरा आकडा मोजणीतल्या गोंधळाच्या किती पट आहे ते, बघतात आणि फार कमी असलं तर तो घटक 'Bad' ठरवून वगळतात. माझ्या 71 पैकी बहुतेक फिल्टरवर बेरियम मोजता येईल एवढंही नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणे मी ते काढून टाकलं. त्यात एक्सआरएफमध्ये बेरियमची एक रेषा टायटॅनियमच्या रेषेवर जाऊन बसते, त्यामुळे या आकड्यावर तसाही माझा विश्वास नव्हता. आता वाटतं, एरवी जवळजवळ शून्य आणि चारच दिवस असणारा घटक हा सरासरीने बघितला तर कचरा दिसणारच. पण तोच तर साक्षीदार होता!

चौथं टोक मात्र कळेना. दिवाळी संपून बरेच दिवस झाले होते. यंत्र बिघडलं का, फिल्टर अदलाबदल झाला का, सगळं तपासलं. शेवटी गच्चीची किल्ली सांभाळणाऱ्या काकांना सहज विचारलं, त्या तारखेला इथे काही जाळलं होतं का? काका हसले. "अवो पोरी, त्या रात्री आपल्या गल्लीत तुळशीचं लगन होतं ना! दिवाळीच्या उरलेल्या लड्या पोट्ट्यांनी तेव्हाच फोडल्या." पेटीतून तो फिल्टर काढून बघितला, तर शेजारच्या काळपट फिल्टरांमध्ये हा चंदेरी राखाडी. दिवाळीतल्या तिघांसारखाच. डोळ्यांना दिसत होतं, मी एक्सेलमध्ये शोधत होते.

तरी सरांना पुरावा हवा होता. लेव्होग्लुकोसान नावाची एक साखर आहे, लाकडातलं सेल्युलोज जळताना तयार होणारी. फटाक्यातून ती फारशी येत नाही. सगळे फिल्टर तपासायला पैसे नव्हते, म्हणून सहाच निवडले: दोन दिवाळीतले, एक तुळशीच्या लग्नाचा, तीन जानेवारीतले. जानेवारीत पोटॅशियम आणि ही साखर हात धरून वाढलेली होती. बाकी तिघांत पोटॅशियम कितीतरी पट आणि साखर मात्र रोजच्याइतकीच. विषय संपला.

चारच दिवसांमुळे केवढा घोळ होतो ते बघा. समजण्यापुरते गोल आकडे घेते. समजा 71 दिवसांची 'ज्वलना'ची सरासरी 18 मायक्रोग्रॅम आली, म्हणजे बेरीज 1278. त्यातल्या चार दिवसांची सरासरी 120 असेल तर 480 एकट्या त्या चौघांचे. ते काढले की उरलेल्या 67 दिवसांची सरासरी 12 च्या आत येते. शहराने कचरा जाळणं एक तृतीयांशाने कमी केलं नाही, फक्त फटाके वेगळे झाले.

चार नमुन्यांवर फटाक्यांचा वेगळा गट विश्वासाने उभा राहत नाही, म्हणून ते बाजूला काढून त्यांचा हिशेब स्वतंत्र दिला आणि मॉडेल नव्याने चालवलं. आता ज्वलनाच्या गटात क्लोराइडही आलं, जे आधी इकडेतिकडे विखुरलं होतं. क्लोराइड म्हणजे प्लॅस्टिकसकट कचरा जळण्याची शक्यता. पण इथे मी हात राखून लिहिलं, कारण कोळशाच्या धुरातूनही क्लोराइड येतं. पाला किती आणि प्लॅस्टिक किती, हे माझ्या डेटातून सुटत नाही.

कोराडीचं उत्तरही लोकांना आवडत नाही. तिथल्या कोळशाच्या राखेत मातीसारखंच सिलिकॉन-ॲल्युमिनियम असल्याने ती धुळीच्या गटात मिसळते. चिमणीतल्या सल्फर डायऑक्साइडचं वाटेत सल्फेट होतं आणि त्यावर कोराडी, खापरखेडा की आणखी दूरचं, असा पत्ता नसतो. मी त्या गटाला 'दुय्यम सल्फेट' एवढंच म्हटलं.

काकांनी मग विचारलंच, "मग कचऱ्याचा धूर किती म्हणायचा?" मी त्यांना एक आकडा न देता पट्टा सांगितला. नमुने उलटसुलट निवडून मॉडेल पुन्हापुन्हा चालवलं की दर वेळी थोडं वेगळं उत्तर येतं, त्याचा खालचा आणि वरचा टोकाचा आकडा. "म्हणजे पक्कं नाहीच," काका म्हणाले. एवढं पक्कं आहे, मी म्हटलं.

यंदाच्या लॉगशीटमध्ये वेळ, फ्लो आणि पंपाच्या नोंदीशेजारी एक नवा रकाना आहे, 'गल्लीत काय'. तो काका भरतात. परवाच्या नोंदीत आहे: "समोरच्या प्लॉटवर झाडणाऱ्यांनी पाला पेटवला, 7 वाजता. शिव्या दिल्या."