चार महिन्यांत डिझर्टेशन: डॉक्ट्रिनल की एम्पिरिकल?

“एलएलएमच्या डिझर्टेशनला चारच महिने उरलेत. विषय चेक बाउन्सच्या खटल्यातली अंतरिम भरपाई. गाईड म्हणतात एम्पिरिकल केलंस तर वजन येईल, मित्र म्हणतात डॉक्ट्रिनल कर आणि मोकळा हो. काय करू?”

आधी तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्याचं उत्तर कुठे सापडेल ते पाहा. “निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १४३अ खाली भरपाईचा आदेश देणं न्यायालयावर बंधनकारक आहे का?” याचं उत्तर कायद्याच्या मजकुरात आणि निकालांत आहे, म्हणून ते काम डॉक्ट्रिनल. “आमच्या जिल्ह्यातली न्यायालयं असा आदेश देताना कारणं नोंदवतात का?” याचं उत्तर कुठल्याही रिपोर्टरमध्ये मिळणार नाही. ते मोजावं लागतं, म्हणून एम्पिरिकल. वजन कुठल्या पद्धतीला जास्त, हा हिशेब इथे येतच नाही. चुकीच्या पद्धतीने दिलेलं उत्तर व्हायव्हात पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं.

डॉक्ट्रिनल म्हणजे निकालांचे सारांश एकाखाली एक लावणं, हा समज मात्र सोडा. तुमच्याच विषयात खरं काम एका शब्दाभोवती आहे. कलम १४३अ २०१८ च्या दुरुस्तीने आलं. आरोपीने गुन्हा नाकबूल केल्यावर न्यायालय त्याला चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं. इंग्रजी मजकुरात शब्द आहे ‘मे’. त्याच दुरुस्तीने कलम १४८ आलं. शिक्षेविरुद्धच्या अपिलात खालच्या न्यायालयाने ठरवलेल्या दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला लावण्याचं ते कलम, आणि तिथेही ‘मे’च आहे. सुरिंदर सिंग देसवाल खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १४८ मधला ‘मे’ साधारणपणे ‘शॅल’सारखा वाचला. मग १४३अ मधलाही तसाच वाचायचा का? उच्च न्यायालयांत मतभेद झाले: छत्तीसगडने बंधनकारक म्हटलं, मद्रासने ऐच्छिक. मार्च २०२४ मध्ये राकेश रंजन श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४३अ ऐच्छिक ठरवलं. १४८ लागू होतं तेव्हा दोष सिद्ध झालेला असतो. १४३अ च्या टप्प्यावर तो सिद्ध झालेला नसतो, आणि तरी रक्कम दंडासारखी वसूल होऊ शकते.

एकच शब्द, एकच दुरुस्ती कायदा आणि दोन अर्थ. हा फरक टप्प्याच्या आधारावर पूर्ण टिकतो का, की कुठे गळतो, हे तपासणं म्हणजे डॉक्ट्रिनल संशोधन. २०२३ च्या जंबू भंडारी निकालात १४८ लाही अपवाद असू शकतात असं म्हटलं आहे. ते धरलं तर दोन कलमांमधलं अंतर किती उरतं? या प्रश्नावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

त्यासाठी ३० ते ४० निकाल पुरतात, पण ते पूर्ण वाचायचे. हेडनोटवर भागवलं की कुठलं वाक्य निर्णयाचा आधार आणि कुठलं ओघात आलेलं, हे कळत नाही, आणि मांडणी नेमकी तिथेच ढासळते. प्रत्येक निकालाला एक पान द्या: खटला कुठल्या टप्प्यावर होता, ‘मे’बद्दल काय म्हटलं, कुठल्या आधीच्या निकालावर विसंबून म्हटलं, आणि तो निकाल आजही टिकून आहे का. शोध थांबवण्याची तारीख ठरवून पहिल्या प्रकरणात लिहा, नाहीतर नवा निकाल आला की लिहिलेलं पुन्हा उसवावं लागतं. रोज दोन निकाल धरले तर वाचन तीन-चार आठवड्यांत होतं. चार महिन्यांत हे आरामात बसतं.

एम्पिरिकल म्हटलं की विद्यार्थी गुगल फॉर्म काढतात आणि १०० वर्गमित्रांकडून भरून घेतात. कृपा करून हे करू नका. “अंतरिम भरपाईमुळे खटले लवकर निकाली निघतात का?” याला ७२ जणांनी ‘हो’ म्हटलं तर त्यातून खटल्यांबद्दल काहीच कळत नाही, फक्त वर्गाचं मत कळतं. वकिलांच्या मुलाखती चांगल्या, पण परवानगी, संमतीपत्रं आणि कोर्टाच्या वेळा यांत दोन महिने सहज जातात. कमी वेळात एम्पिरिकल करायचंच असेल तर माणसांऐवजी कागदांवर करा, म्हणजे ई-कोर्ट्सवरच्या आदेशांवर.

राकेश रंजन निकालाने मोजपट्टी तयारच दिली आहे. दंडाधिकाऱ्याने तक्रारदाराची बाजू आणि आरोपीचा बचाव प्रथमदर्शनी तोलायचा, आरोपीची आर्थिक अडचण विचारात घ्यायची, व्यवहाराचं स्वरूप आणि दोघांमधलं नातं पाहायचं आणि थोडक्यात कारणं नोंदवायची. यातला प्रत्येक मुद्दा तक्त्यातला एक रकाना करा आणि प्रत्येक आदेशासमोर ‘आहे’ किंवा ‘नाही’ भरा. ‘आहे’ कधी म्हणायचं याचा नियम आधीच लिहून ठेवा. “उभय पक्षांचे म्हणणे विचारात घेतले” एवढंच वाक्य असेल तर ते बचाव तोलणं धरायचं का? मी धरणार नाही. पण जे ठरवाल ते सगळ्या आदेशांना सारखं लागू करा. मग त्यातले २० आदेश मित्राला तुमचे रकाने न दाखवता भरायला द्या. चार-पाच ठिकाणी उत्तरं जुळली नाहीत तर नियमच संदिग्ध आहे.

अडचण येते ती आदेश शोधताना. यादीत अनेकदा नुसतं “अमुक निशाणीखालील आदेश” असतं. तो अंतरिम भरपाईचा आहे की दुसऱ्याच अर्जाचा, हे पीडीएफ उघडल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक शोधाला कॅप्चा असतो. एका आदेशामागे २० मिनिटं धरली तर १५० आदेशांना ५० तास लागतात, तक्ता तपासण्याचा वेळ वेगळा. त्याहून मोठा धोका म्हणजे अपलोडच न झालेले आदेश. खटल्याच्या तारखांचा कामकाज तपशील वाचा. तिथे अर्ज निकाली काढल्याची नोंद असेल आणि आदेश मात्र नसेल, तर तो ‘गहाळ’ म्हणून वेगळा मोजा. शिवाय नाकबुलीच्या टप्प्याआधीच तडजोड झालेले खटले तुमच्या नमुन्यात येणारच नाहीत, हेही लिहा.

आणि आकड्यावर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त भार टाकू नका. समजा, यादृच्छिकपणे निवडलेल्या ४० आदेशांपैकी १२ मध्ये कारणं सापडली. तो झाला ३० टक्के, पण ९५ टक्के विश्वासपातळीवर खरा आकडा साधारण १६ ते ४४ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, तोही फक्त त्याच जिल्ह्यापुरता. “महाराष्ट्रातले दंडाधिकारी कारणं देत नाहीत” असं वाक्य यातून निघत नाही.

म्हणून माझं मत असं: कणा डॉक्ट्रिनलचा ठेवा आणि शेवटच्या प्रकरणात एका न्यायालय संकुलातले मार्च २०२४ नंतरचे ४० आदेश घ्या. मात्र शीर्षक नोंदवण्याआधी एक दुपार ई-कोर्ट्सवर बसा. तीन तासांत कलम १४३अ चे वाचण्यासारखे आठ आदेश हाती लागले, तर ते प्रकरण ठेवा. नाही लागले तर शीर्षकात जिल्ह्याचं नाव घालूच नका. नोंदणीनंतर ते काढायचं तर पुन्हा अर्ज आणि मंजुरी यांत दिवस जातात, आणि तुमच्याकडे सोळाच आठवडे आहेत.