साखर नाही, मग उपाशीच ना?

त्या सकाळी काका माझ्यासमोर बसले ते रिपोर्ट टेबलावर आपटूनच. वय ६१, टाइप २ मधुमेह नऊ वर्षांपासून, मेटफॉर्मिन दिवसातून दोनदा. माणूस शिस्तीचा. सहा महिन्यांपूर्वी आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आले तेव्हा कॉफीत दोन चमचे साखर घ्यायचे, ती त्यांनी एका दिवसात बंद केली आणि दूधही सोडलं. तेव्हापासून कोरी, कडू कॉफी.

आणि आता उपाशीपोटीची साखर १४६.

"मॅडम, घरच्या मीटरवर उठल्या उठल्या कधी १२० च्या वर जात नाही. लॅबमध्ये १४६ कशी? आता डॉक्टर गोळी वाढवणार म्हणतात."

मी ठरलेले प्रश्न विचारत गेले. रात्री किती वाजता जेवलात, झोप झाली का, सर्दी-ताप, स्टेरॉइडचं औषध, गोळी चुकली का. सगळी उत्तरं सरळ. मग विचारलं, "उठल्यापासून रक्त देईपर्यंत काय काय केलंत, क्रमाने सांगा."

साडेपाचला उठले. थोडं चालले. कॉफी घेतली. पेपर वाचला. अजून एक कॉफी घेतली. आठ वाजता लॅबमध्ये.

"कॉफी? उपाशीपोटी जायचं होतं ना?"

"साखर नाही, दूध नाही, मग उपाशीच ना? तुम्हीच म्हणाला होतात, कोरी कॉफी म्हणजे पाणीच, हवी तेवढी प्या."

म्हणाले होते खरं. हे वाक्य मी कितीतरी जणांना सांगितलं असेल. कोऱ्या कॉफीच्या कपात जेमतेम दोन-चार कॅलरी असतात आणि कार्बोहायड्रेट जवळजवळ नसतंच, त्यामुळे आहाराच्या हिशेबात ते चुकत नाही. पण साखर फक्त पोटातून रक्तात येत नाही, ती यकृतातूनही येते. कॅफिन शरीरातल्या अ‍ॅडेनोसिन नावाच्या रसायनाची वाट अडवतं आणि अ‍ॅड्रेनॅलिन वाढवतं. अ‍ॅड्रेनॅलिन यकृताला साठवलेली साखर सोडायला सांगतं, आणि त्याच वेळी स्नायू इन्सुलिनचं नीट ऐकत नाहीत. ज्याचं स्वादुपिंड धडधाकट आहे त्याच्या शरीरात थोडं जास्त इन्सुलिन सुटतं आणि बात मिटते. मधुमेह्याकडे ते जास्तीचं इन्सुलिन नसतं. तोंडातून कणभर साखर न जाता आकडा चढतो तो असा.

काकांचा मग म्हणजे पाव लिटरचा, त्यात इन्स्टंट कॉफीचे दोन शिगोशीग चमचे. माझ्या अंदाजाने एका मगात सव्वाशे ते दीडशे मिलीग्रॅम कॅफिन. असे दोन मग लॅबच्या आधी पोटात गेलेले.

तरी लगेच कॉफीवर खापर फोडावं असं मला वाटलं नाही, कारण पहाटेची एक वेगळी भानगड असते. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात आणि बऱ्याच मधुमेह्यांची साखर काही न खाता-पिताही उठल्यानंतर चढत जाते. घरचं मोजमाप साडेपाचचं, लॅबचं आठचं. मधल्या अडीच तासांत किती वाढ पहाटेची आणि किती कॉफीची, हे नुसत्या गप्पांतून कळणार नव्हतं. मी डॉक्टरांना फोन केला, घडलं ते सांगितलं. गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीए१सी ७.३ होतं, म्हणजे तातडी नव्हती. ते म्हणाले, "तीन आठवडे थांबतो, तुम्ही शोधून काढा."

शोधायची पद्धत साधी, पण चिकाटीची. आठ दिवस नाश्ता तोच आणि तेवढाच: ब्रेडचे दोन स्लाइस, एक उकडलेलं अंडं, वेळ पावणेआठ. चालणंही रोज सारखंच. एक दिवस नेहमीसारखी पहाटेची कॉफी, दुसऱ्या दिवशी तिच्याऐवजी गरम पाणी. बोट टोचायचं तीनदा: उठल्यावर, नाश्त्याच्या आधी, आणि नाश्त्याचा पहिला घास घेतल्यापासून बरोब्बर दोन तासांनी. शेवटचा घास नव्हे, पहिला; इथे बरेच जण चुकतात. पाण्याच्या दिवशी शेवटचं मोजमाप झालं की कॉफी प्यायला मोकळे. ही सवलत मुद्दाम दिली. रोज पिणाऱ्याची कॉफी एकदम तोडली की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, आणि ठणकत्या डोक्याने वही कोण लिहिणार?

एकाच दिवसाची तुलना का पुरत नाही, हेही त्यांना समजावलं. घरच्या मीटरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं. १८० आणि १९५ यांत फरक आहे की नाही हे एका टोचण्यावर सांगता येत नाही. चार-चार दिवस एकाच बाजूला झुकले तर मग विश्वास ठेवावा.

नवव्या दिवशी काका वही घेऊन आले, रेघा मारलेली, दोन रंगांच्या पेनांनी. उठल्यावरचे आठही आकडे ११४ ते १२१ मध्ये. पाण्याच्या दिवशी नाश्त्याआधी १२६, १२२, १३१, १२४. कॉफीच्या दिवशी १३९, १४४, १३१, १४२. म्हणजे पहाटेची आपोआप होणारी वाढ होतीच, आठेक अंकांची, आणि कॉफीने तिच्यावर आणखी तेराएक अंक चढवले होते. दोन्हींचा वाटा होता.

मला जास्त रस होता पुढच्या रकान्यात. नाश्त्यानंतर दोन तासांनी, पाण्याच्या दिवशी १७८, १८५, १७१, १८२. कॉफीच्या दिवशी २०६, १९८, २१४, २०१. ब्रेड तोच, अंडं तेच, आणि सरासरी पंचवीस अंकांचा फरक.

काका माझ्याकडे बघत होते, मी वहीकडे. "म्हणजे ब्रेड कमी करायचा होता तो कॉफीमुळे?" ते म्हणाले. गेल्या वेळी नाश्त्यानंतरचे आकडे बघून मी त्यांना ब्रेड एका स्लाइसवर आणा असं सुचवलं होतं. मी गप्प बसले. काय बोलणार?

हे काही नवीन शोधून काढलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या, रोज कॉफी पिणाऱ्या दहा जणांना दिवसाला ५०० मिलीग्रॅम कॅफिन कॅप्सूलमधून दिलं होतं. त्यांची दिवसभराची सरासरी साखर ८ टक्क्यांनी वाढली, आणि जेवणानंतरची त्याहून जास्त. म्हणजे सवय झाली की परिणाम संपतो असंही नाही. दुसऱ्या बाजूला, वर्षानुवर्षं कॉफी पिणाऱ्यांत मधुमेह कमी आढळतो असंही मोठमोठी सर्वेक्षणं सांगतात, आणि ते कॅफिन काढलेल्या कॉफीलाही लागू पडतं. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. मधुमेह होण्याची शक्यता हा एक प्रश्न, आणि झालेल्या माणसाच्या आज सकाळच्या ब्रेडचं काय होतं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवून "कॉफी शुगरला चांगली" म्हणत मग रिचवण्यात अर्थ नाही.

"मग सोडू?" काकांचा चेहरा पडला होता.

सोडायची गरज नव्हती, जागा बदलायची होती. कॅफिनचा जोर पिल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात येतो आणि निम्मं कॅफिन शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात. काकांची कॉफी दिवसातल्या सगळ्यात वाईट वेळी पोटात जात होती: पहाटेची वाढ चालू असताना, आणि लगेच पाठोपाठ ब्रेड. आम्ही तीन पर्याय, प्रत्येक तीन-तीन दिवस, करून पाहिले.

पहिला, एकच मग, एकच सपाट चमचा, नाश्त्यासोबत. दोन तासांनी १९० च्या आसपास. सुधारलं, पण अर्धवट. दुसरा, पहाटे कॅफिन काढलेली कॉफी. तिच्यातही थोडंसं कॅफिन उरतं, कपाला काही मिलीग्रॅम, पण आकडे १८१, १७७, १८४, म्हणजे पाण्यासारखेच. तिसरा, नेहमीची कडक कॉफी साडेदहाला, नाश्त्याची साखर उतरणीला लागल्यावर, सोबत काहीही न खाता. दुपारच्या जेवणाआधीचा आकडा जवळपास जागचा हलला नाही. शेवटी काकांनी दुसरा आणि तिसरा पर्याय जोडला. कॅफिन काढलेल्या कॉफीला ते "कॉफीचं भूत" म्हणतात, पण पेपर वाचताना हातात मग हवा असतो, तेवढं भागतं.

"सोबत काहीही न खाता" यावर मी अडून बसले होते, कारण कॉफीच्या नावावर जाणारी साखर बहुतेक वेळा बशीतली असते. दुधाचंही तसंच. १५० मिली दुधात सात ग्रॅम लॅक्टोज असतं, वरून साखर घातली नाही तरी. घ्यायचं तर घ्या, पण ते जेवणाच्या हिशेबात धरा. आणि पाकिटातल्या पांढऱ्या क्रीमरच्या मागचं बारीक अक्षर वाचा, त्यात बहुधा ग्लुकोज सिरप असतं.

एक प्रसंग मात्र माझ्या डोक्यात नव्हता, वहीमुळे सापडला. एका दुपारी काकांनी समासात लिहिलं होतं: "हात थरथर, छातीत धडधड. शुगर लो. बिस्किटं तीन." खाली वीस मिनिटांनी मोजलेला आकडा १६२. तीन बिस्किटांनी वीस मिनिटांत कमी साखर तिथवर पोचत नाही, त्यामुळे ती आधीही कमी नसणार. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी खाली जातही नाही. थोडं वर लिहिलेलं होतं, जेवायला उशीर, दोन कॉफ्या. थरथर कॅफिनची होती. लक्षणं हुबेहूब सारखी, कारण दोन्हीकडे काम करणारं अ‍ॅड्रेनॅलिनच. काकांना सांगितलं, आधी टोचायचं, मग खायचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांना मात्र मी उलट सांगते: मीटर हाताशी नसेल तर वाट न बघता साखर खा, आणि ती खरीच कमी असेल तर कॉफी पिऊन भागत नाही.

यानंतर कुतूहलापोटी काकूंनीही, त्याही मधुमेही, तोच आठ दिवसांचा प्रयोग केला. त्यांच्या दोन रकान्यांत फरक सापडलाच नाही. त्यांचा कप छोटा, कॉफी पातळ, आणि कॅफिन प्रत्येकाच्या शरीरातून वेगवेगळ्या वेगाने जातं. त्यांची पहाटेची कॉफी आहे तिथेच राहिली. काका अजून त्यावर कुरकुरतात.

तीन आठवड्यांनी पुन्हा लॅबची तारीख आली. आदल्या रात्री काकांचा फोन.

"मॅडम, ते कॉफीचं भूत तरी चालेल ना सकाळी?"

"नाही काका. फक्त पाणी."

रिपोर्ट आला १२४. गोळी होती तेवढीच राहिली.