‘जबाबदार व्यक्ती’चा रकाना आणि आमचा फसलेला रिलीज

आमच्या कंपनीच्या इन्सिडेंट फॉर्ममध्ये एक रकाना आहे: ‘जबाबदार व्यक्ती (एम्प्लॉयी कोड)’. शेजारी लाल चांदणी, म्हणजे तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नाही. फसलेल्या रिलीजचा रिपोर्ट लिहिताना माझा सगळ्यात जास्त वेळ या एका रकान्याने खाल्ला. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी काय घडलं ते. आम्ही औषध वितरकांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर चालवतो. महिनाअखेरीच्या रात्री एक छोटा रिलीज होता आणि त्यात `invoices` या टेबलमध्ये फक्त एक कॉलम वाढवायचा होता. पोस्टग्रेसमध्ये रिकामा कॉलम वाढवणं हे खरं तर काही मिलिसेकंदांचं काम आहे. पण तेवढ्यापुरतं का होईना, त्या टेबलवर पूर्ण ताबा लागतो, म्हणजे त्या क्षणी दुसरं कोणी ते टेबल वाचतसुद्धा नसावं लागतं. त्या रात्री १०:१२ ला फायनान्सचा महिनाअखेरीचा रिपोर्ट सुरू झाला होता आणि तो त्याच टेबलवर दोन-दोन तास चालतो. १०:३० ला आमचं मायग्रेशन, म्हणजे तो कॉलम वाढवणारा कोड, सुटलं आणि रिपोर्ट संपायची वाट बघत थांबलं. घोळ इथेच झाला. रेशनच्या दुकानात पुढचा माणूस अडला की मागे फक्त एक किलो साखर न्यायला आलेलेही ताटकळतात, तसे मायग्रेशननंतर आलेले सगळे साधे व्यवहारही त्याच्या मागे अडकले. १०:३३ ला अलार्म वाजले. १०:४१ ला जुनं व्हर्जन परत चढवलं, तरी काही हललं नाही, कारण नव्या कोडमध्ये दोष नव्हताच. ११:१७ ला डेटाबेसवाला कॉलवर आला, त्याने थांबलेलं मायग्रेशन रद्द केलं आणि ११:१९ ला सगळं सुरळीत झालं. एकूण ४६ मिनिटं बिलिंग बंद होतं.

क्लायंटच्या करारानुसार पाच कामकाजाच्या दिवसांत लेखी रिपोर्ट द्यायचा असतो. तो लिहायचं काम टीम लीड म्हणून माझ्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मॅनेजर, क्वालिटीच्या मॅडम, आम्ही सगळे आणि तो रिलीज करणारा मुलगा, असे बसलो होतो. त्याला नोकरी लागून वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. प्रत्येकजण त्याला एकच विचारत होता, ‘‘मायग्रेशन अडकलंय हे दिसत असताना थांबवलं का नाहीस?’’ तो म्हणाला, ‘‘लक्षात आलं नाही.’’ मिनिट्समध्ये लिहिलं गेलं: ‘इंजिनियरने वेळेत मायग्रेशन थांबवले नाही.’ मूळ कारण: मानवी चूक. मीटिंग लवकर आटोपली आणि सगळे समाधानाने उठले.

मला ते पटेना. मी संध्याकाळी त्याला कँटीनमध्ये घेऊन बसलो. वही उघडली नाही की लॅपटॉप उघडला नाही. म्हटलं, ‘‘का केलंस ते मला नको. साडेदहापासून तुझ्या स्क्रीनवर काय काय येत गेलं, तेवढं सांग.’’ तेव्हा तो म्हणाला, ‘‘दादा, मी ते थांबवलं होतं. दहा अडतीसला.’’

त्याने टर्मिनलमध्ये हे चालवून ठेवलं होतं:

```
kubectl logs -f job/db-migrate
```

ओळी पुढे सरकेनात म्हणून त्याने Ctrl+C दाबलं. प्रॉम्प्ट परत आला. मायग्रेशन बंद झालं असं त्याने धरलं आणि पुढची अडतीस-एकोणचाळीस मिनिटं सगळी टीम नव्या कोडमधला दोष शोधत बसली. पण Ctrl+C ने फक्त लॉग बघणं थांबतं. जॉब क्लस्टरमध्ये चालूच राहतो. आमच्या रनबुकमध्ये, म्हणजे अशा वेळी काय करायचं त्या सूचनांमध्ये, याच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. उलट ‘मायग्रेशनला वेळ लागल्यास थांबा’ एवढंच लिहिलेलं होतं.

मीटिंगमध्ये हे का बोलला नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘‘सगळे ‘थांबवलं नाहीस’ म्हणत होते. थांबवलं होतं म्हटलं असतं तर खोटारडा ठरलो असतो.’’ म्हणजे मिनिट्समधलं ते वाक्य अन्यायाचं तर होतंच, शिवाय चुकीचंही होतं. रिपोर्ट तसाच गेला असता तर ‘इंजिनियर्सना दक्षतेच्या सूचना दिल्या’ असं उत्तर लिहून आम्ही मोकळे झालो असतो, आणि पुढच्या माणसाने पुन्हा तेच Ctrl+C दाबलं असतं.

त्यानंतर मी एकेकाला वेगळं भेटलो. फायनान्सच्या रिपोर्टिंग टीमकडून कळलं की तो रिपोर्ट आधी रेप्लिकावर, म्हणजे मुख्य डेटाबेसच्या प्रतीवर, चालायचा. तिथे मध्येच हा एरर येऊन तो तुटायचा:

```
ERROR: canceling statement due to conflict with recovery
```

म्हणून त्यांनी काही आठवड्यांपूर्वी तो मुख्य डेटाबेसवर हलवला होता. त्यांच्या बाजूने ते अगदी बरोबर होतं, कारण महिनाअखेरीला आकडे लागतातच. फक्त आम्हाला ते कळायची काही सोयच नव्हती. स्टेजिंगवर, म्हणजे आमच्या चाचणीच्या सिस्टिमवर, हे दिसणं शक्य नव्हतं, कारण तिथे फायनान्सचा रिपोर्ट चालतच नाही.

आता फॉर्म. टाइमलाइन आणि कारणं लिहून झाली, आणि ‘मूळ कारण’च्या यादीत मी ‘मानवी चूक’ऐवजी ‘प्रक्रिया’ निवडलं. ‘जबाबदार व्यक्ती’मध्ये टीमचं नाव टाकलं. सिस्टिमने घेतलं नाही, कोड पाहिजे. माझा स्वतःचा कोड टाकला. तो घेतला, पण क्वालिटीकडून फॉर्म परत आला: ‘डिप्लॉयमेंट करणाऱ्याचा कोड नमूद करावा.’ मॅनेजर म्हणाले, ‘‘अरे टाक ना, नुसता कोड तर आहे. क्लायंटला थोडाच दिसणार आहे?’’ पण तोच फॉर्म एचआरच्या सिस्टिमला जोडलेला आहे आणि अप्रेझलच्या वेळी उघडतो, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मुदत जवळ येत होती, फॉर्म इकडून तिकडे फिरत होता, आणि रिपोर्टचा मजकूर कोणी वाचतच नव्हतं. सगळ्यांचं लक्ष त्या एका चौकटीवर.

शेवटी मी मेल थांबवले आणि मॅडमच्या टेबलापाशी जाऊन बसलो. त्या म्हणाल्या, ‘‘मला त्या मुलाशी काही वैर नाहीये सर. नाव नसेल तर ऑडिटमध्ये पॉइंट निघतो.’’ मी विचारलं, कुठल्या कलमाखाली? त्यांनी आयएसओ ९००१ ची २०१५ ची प्रत काढली आणि आम्ही दोघांनी कलम १०.२ ओळीओळीने वाचलं. त्यात त्रुटीची कारणं ठरवा, सुधारणा करा, ती लागू पडली का तपासा, आणि त्रुटीचं स्वरूप, केलेली कृती व तिचा परिणाम यांची नोंद ठेवा असं आहे. चूक कोणाची ते नोंदवा, असं त्यात कुठेही नाही. ऑडिटरला नाव लागतं ते सुधारणा कोण करणार, याचं. आमचा फॉर्म कधीतरी कोणीतरी बनवला आणि त्यात या दोन गोष्टी एक झाल्या.

मॅडमना आणखी एक उदाहरण दाखवलं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी उडवली आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने रिपोर्ट जाहीर केला, त्यात तो माणूस `team-member-1` एवढाच आहे. बाकी रिपोर्ट बॅकअप का नव्हते यावर आहे: बॅकअप घेणारं `pg_dump` जुन्या व्हर्जनचं चालत होतं म्हणून बॅकअप फसत होते, आणि ते फसल्याचे मेल डीमार्क या मेलच्या पडताळणीत न बसल्याने नाकारले जात होते. त्या माणसाचं नाव छापून यातलं काहीही सापडलं नसतं. मॅडमनी तो पूर्ण वाचला आणि रकान्याचं नाव बदलून ‘कृतीची जबाबदारी’ करून घेतलं. त्यांचं मला खरोखर कौतुक वाटतं.

इथे एक सांगायचं राहिलं. नाव काढून नुसतं ‘इंजिनियर’ लिहिलं म्हणजे काम झालं असं नाही. सहा जणांच्या टीममध्ये कोण ते सगळ्यांना कळतं. वाक्यच बदलावं लागतं. ‘त्याने थांबवलं नाही’ हे न झालेल्या गोष्टीबद्दलचं वाक्य आहे, त्यातून काही दुरुस्त करता येत नाही. माझ्या रिपोर्टमध्ये ते असं आलं: ‘१०:३८ ला Ctrl+C दाबल्यावर प्रॉम्प्ट परत आला. जॉब चालू असल्याची कोणतीही खूण स्क्रीनवर नव्हती.’ आणि उलट टोकालाही जाऊ नका. माझ्या पहिल्या मसुद्यावर मॅनेजरनी सुचवलं होतं की ‘टेबल लॉक झाले’ एवढंच लिहू. त्यात दोष कोणाला लागत नाही हे खरं, पण वाचणाऱ्याला काही कळतही नाही. कोणी काय केलं, त्या वेळी त्याला काय दिसत होतं, हे सगळं लिहायचंच.

सुधारणा तीनच ठेवल्या. प्रत्येक मायग्रेशनच्या सुरुवातीला ही ओळ आली:

```
SET lock_timeout = '3s';
```

ती नसेल तर पोस्टग्रेस लॉकसाठी अमर्याद थांबतं. आता तीन सेकंदांत ताबा मिळाला नाही तर मायग्रेशन स्वतःच मागे हटतं, मागची रांग मोकळी होते आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न होतो. दुसरी, फायनान्सच्या रिपोर्टसाठी वेगळी रेप्लिका, जिच्यावर `max_standby_streaming_delay` वाढवलेला आहे, म्हणजे रिपोर्ट मध्येच सहज तुटत नाही. तिथला डेटा थोडा मागे राहतो, महिनाअखेरीच्या रिपोर्टला तेवढं चालतं. तिसरी, रनबुकमध्ये कोण कोणामुळे अडलंय ते दाखवणारी क्वेरी:

```
SELECT pid, pg_blocking_pids(pid), query
FROM pg_stat_activity
WHERE cardinality(pg_blocking_pids(pid)) > 0;
```

ही त्या मुलानेच लिहिली. तिन्ही कामांपुढे नाव आणि तारीख आहे. ‘जागरूकता वाढवणे’ अशी कृती कोणी सुचवली तर सरळ काढून टाका, ती झाली की नाही हे कधीच तपासता येत नाही.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं: लोकांशी बोलण्यापूर्वी एचआरकडून लेखी घ्या की हा रिपोर्ट अप्रेझलला वापरला जाणार नाही. आम्हाला तो मेल रिपोर्ट गेल्यावर मिळाला. आधी हातात असता तर ती कँटीनमधली गोष्ट मीटिंगमध्येच कळली असती.